गेटची पाठ आणि टोक: फोटोतले सर्किट वाचताना

लॉजिक गेटचे चिन्ह ओळखताना नजर तीन ठिकाणी जावी लागते: पाठीवर, पुढच्या बाजूच्या आकारावर आणि टोकावर. ज्या बाजूने तारा आत शिरतात ती गेटची पाठ, आणि जिथून एकच तार बाहेर पडते ते टोक. पाठ सरळ आहे की आत वळलेली, पुढची बाजू गोल आहे की निमुळती, टोकाला बारीक गोल आहे की नाही, हे पाहिले की बहुतेक नावे ठरतात. छापील पानावर हे सोपे असते. फोटोत तेच पान तिरके आलेले असते, कडेला हाताची सावली पडलेली असते, वहीची घडी नेमकी आकृतीतून गेलेली असते. अशा वेळी सर्वांत आधी पुसट होतात त्या दोन लहान खुणा: टोकावरचा गोल आणि पाठीमागची जादा रेघ. गेटचा अर्थ बदलतो तो याच दोन खुणांनी.

गेटला फक्त दोनच गोष्टी कळतात, ० आणि १. प्रत्यक्ष सर्किटमध्ये हे आकडे म्हणजे व्होल्टेज असते. पाच व्होल्टवर चालणाऱ्या जुन्या टीटीएल जातीच्या चिपमध्ये आत येणारे व्होल्टेज ०.८ च्या खाली असेल तर चिप त्याला ० समजते आणि २ च्या वर असेल तर १. मधल्या पट्ट्यात काय समजले जाईल याची खात्री नसते, म्हणून चांगले सर्किट त्या पट्ट्यात रेंगाळत नाही. आकृती वाचताना मात्र व्होल्टेज विसरून ० आणि १ एवढेच धरले तरी चालते.

फोटो हातात आल्यावर नावांच्या आधी दिशा ठरवावी. पान आडवे धरून फोटो काढला असेल तर गेट खाली किंवा वर तोंड करून बसलेले दिसते, आणि 'डावीकडून आत, उजवीकडे बाहेर' ही सवय तिथे फसवते. त्यापेक्षा तारा मोजाव्यात. दोन किंवा अधिक तारा ज्या बाजूला आहेत ती पाठ, एकच तार आहे ते टोक. दोन्हीकडे एकेकच तार असेल तर ते त्रिकोणी चिन्ह असणार, आणि त्रिकोणाचे टोकच बाहेरची बाजू दाखवते. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कधीकधी आरशासारखा उलटा साठवला जातो. बाजूची अक्षरे उलटी दिसली की ते लगेच कळते.

पाठ सरळ उभ्या रेघेची आणि पुढची बाजू अर्धवर्तुळासारखी गोल, म्हणजे इंग्रजी D सारखा आकार, हे अँड गेट. याच्या सगळ्या इनपुटवर १ असेल तरच बाहेर १ येतो. एकही ० असला तर बाहेर ०. लिफ्ट असेच वागते: दार बंद झालेले हवे आणि बटणही दाबलेले हवे, तरच ती हलते. सूत्रात हे A·B असे लिहितात. इनपुट तीन असोत की आठ, नियम तोच राहतो.

पाठ आत वळलेली आणि पुढच्या दोन्ही बाजू वाकत जाऊन एका टोकात मिळालेल्या, असा होडीच्या नाळेसारखा आकार म्हणजे ऑर गेट. इथे एक जरी इनपुट १ असले तरी बाहेर १ येतो. सगळे ० असतील तेव्हाच ०. पुढच्या आणि मागच्या दाराची दोन बटणे एकाच घंटीला जोडलेली असतात, तसे हे. कोणतेही दाबले तरी घंटी वाजते आणि दोन्ही एकदम दाबली तरीही वाजतेच. सूत्र A+B असे लिहितात. हे बेरजेचे चिन्ह पाहून बरेच विद्यार्थी अडखळतात, कारण १+१ इथे २ होत नाही, १ च राहतो. पुढे बेरजेच्या सर्किटकडे वळल्यावर हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

त्रिकोण आणि त्याच्या टोकावर बारीक गोल म्हणजे नॉट गेट. त्याला इन्व्हर्टरही म्हणतात. आत ० गेला की बाहेर १, आणि १ गेला की ०. यातले उलटे करण्याचे काम त्रिकोणाचे नसून त्या गोलाचे आहे. गोल नसलेला नुसता त्रिकोण म्हणजे बफर. तो आत आलेले जसेच्या तसे बाहेर देतो, फक्त सिग्नलला जोर देतो. फोटोत गोल पुसला गेला की नॉटचा बफर होतो आणि पुढचे सगळे उत्तर उलटते.

हा गोल एकदा समजला की आणखी दोन नावे वेगळी पाठ करावी लागत नाहीत. अँडच्या टोकाला गोल आला की नँड, ऑरच्या टोकाला आला की नॉर. आधी मूळ गेटचे उत्तर काढायचे आणि मग ते उलटायचे. नँडमध्ये सगळे इनपुट १ असतील तेव्हाच बाहेर ०, एरवी १. नॉरमध्ये सगळे ० असतील तेव्हाच बाहेर १, एरवी ०. सूत्रात हे उलटणे अक्षरांवर आडवी रेघ देऊन दाखवतात, आणि फोटोत ती रेघही गोलाइतकीच सहज हरवते.

आता उरली ती जादा रेघ. ऑरच्या आत वळलेल्या पाठीमागे, थोडी जागा सोडून, तशीच वळलेली आणखी एक रेघ असेल तर ते एक्स-ऑर गेट. दोन इनपुट वेगवेगळे असतील तर बाहेर १, दोन्ही सारखे असतील तर ०. जिन्यातला दिवा खालच्या आणि वरच्या अशा दोन बटणांवर चालतो, त्यामागे हाच हिशेब असतो: कोणतेही एक बटण फिरवले की दिव्याची अवस्था बदलते. सूत्रात त्यासाठी ⊕ हे चिन्ह वापरतात. तीन इनपुटच्या एक्स-ऑरसाठी '१ ची संख्या विषम असेल तर बाहेर १' असा नियम धरतात. एक्स-ऑरच्या टोकाला गोल आला की एक्स-नॉर. दोन्ही इनपुट सारखे असतील तेव्हा तो १ देतो.

काही आकृत्यांत हे आकार दिसतच नाहीत, नुसते चौकोन असतात. युरोपातल्या पुस्तकांत आणि यंत्रांच्या मॅन्युअलमध्ये ही पद्धत जास्त आढळते. चौकोनात & असेल तर अँड, ≥1 असेल तर ऑर, =1 असेल तर एक्स-ऑर, आणि नुसता 1 असून बाहेरच्या तारेवर गोल असेल तर नॉट. गोलाचा अर्थ इथेही तोच. अंधूक फोटोत ≥1 आणि =1 यांच्यात गल्लत फार सोपी असते, म्हणून तिथे फोटो मोठा करून पाहिल्याशिवाय नाव देऊ नये.

क्वचित गोल टोकावर नसून पाठीवर, आत येणाऱ्या तारांवर असतो. त्याचा अर्थ असा की इनपुट आधी उलटायचे आणि मग गेटचा नियम लावायचा. पाठीवर दोन गोल असलेले ऑर गेट तपासले तर दिसते की दोन्ही इनपुट १ असताना ते दोन्ही ० होतात आणि बाहेर ० येतो. बाकी प्रत्येक वेळी १. म्हणजे ते नँडच आहे, फक्त वेगळ्या वेशात. हा नियम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. त्यांच्याच काळातल्या जॉर्ज बूल यांनी होय-नाहीचे बीजगणित मांडले, आणि ते विजेच्या स्विचना कसे लागू पडते हे क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीतल्या आपल्या पदव्युत्तर प्रबंधात दाखवले.

आता एक फोटो प्रत्यक्ष वाचून पाहू. इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या वहीतले पान आहे, ते मित्राने व्हॉट्सॲपवर पाठवले आहे. डावीकडे A, B आणि C अशी तीन अक्षरे आहेत, उजवीकडे वर S आणि खाली 'हातचा'. मध्ये पाच गेट्स आहेत. वरच्या रांगेत होडीच्या नाळेसारखी दोन, दोघांच्याही पाठीमागे जादा रेघ. खाली D आकाराची दोन, आणि त्यांच्या पुढे नाळेसारखे एक, ज्याच्या मागे रेघ दिसत नाही. कोणत्याही टोकावर गोल नाही. म्हणजे दोन एक्स-ऑर, दोन अँड आणि एक ऑर.

नावे लिहून झाल्यावर तारा. A ची तार पहिल्या एक्स-ऑरकडे जाते आणि वाटेत तिला एक फाटा फुटून तो खालच्या अँडकडे उतरतो. जिथे फाटा फुटतो तिथे ठळक टिंब असते. दोन तारा नुसत्याच एकमेकींना ओलांडून गेल्या आणि टिंब नसेल तर त्या जोडलेल्या नाहीत असे समजायचे. फोटोत शाईचा डाग टिंबासारखा दिसू शकतो आणि खरे टिंब फिकट पडू शकते. शंका आली तर तार शेवटपर्यंत मागे न्यावी. गेटचे एखादे इनपुट कशालाच जोडलेले राहत नसेल, किंवा दोन गेट्सची टोके एकाच तारेला मिळत असतील, तर कुठेतरी टिंब चुकीचे वाचले गेले आहे.

या पानावर A आणि B पहिल्या एक्स-ऑरमध्ये जातात. त्याच्या उत्तराला P म्हणू. P आणि C दुसऱ्या एक्स-ऑरमध्ये जाऊन S मिळतो. A आणि B यांचा अँड म्हणजे Q, P आणि C यांचा अँड म्हणजे R. Q आणि R शेवटच्या ऑरमध्ये मिळून हातचा तयार होतो. मधल्या तारांना अशी नावे देणे हा वाचनातला सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण त्यानंतर एका वेळी एकाच गेटचा विचार करावा लागतो. तीन इनपुटच्या ० आणि १ च्या जुळण्या आठ होतात, म्हणून सत्यता सारणीला आठ ओळी.

| A | B | C | P | Q | R | S | हातचा |
|---|---|---|---|---|---|---|---|
| ० | ० | ० | ० | ० | ० | ० | ० |
| ० | ० | १ | ० | ० | ० | १ | ० |
| ० | १ | ० | १ | ० | ० | १ | ० |
| ० | १ | १ | १ | ० | १ | ० | १ |
| १ | ० | ० | १ | ० | ० | १ | ० |
| १ | ० | १ | १ | ० | १ | ० | १ |
| १ | १ | ० | ० | १ | ० | ० | १ |
| १ | १ | १ | ० | १ | ० | १ | १ |

सहावी ओळ सावकाश पाहू. A १, B ०, C १. A आणि B वेगळे आहेत, म्हणून P १. P आणि C दोन्ही १, म्हणजे सारखे, म्हणून S ०. A आणि B दोन्ही १ नाहीत, म्हणून Q ०. P आणि C दोन्ही १ आहेत, म्हणून R १. शेवटी ऑरला ० आणि १ मिळाले, म्हणून हातचा १. एक अधिक एक दोन. दोनच्या पद्धतीत ते १० असे लिहितात, म्हणजे शून्य मांडून हातचा एक. शाळेत पाच अधिक पाच करताना शून्य मांडून एक हातचा घेतात, तेच इथे पाच गेट्स करतात. या सर्किटला फुल ॲडर म्हणतात.

फुल ॲडर ओळखले गेले की वाचन बरोबर आहे का हे तपासायला एक कसोटी हाती येते. प्रत्येक ओळीत A, B आणि C यांची साधी बेरीज करावी, आणि S मध्ये हातच्याची दुप्पट मिळवून ती तिच्याशी जुळते का पाहावे. शेवटच्या ओळीत तीन एक म्हणजे तीन. S १ आणि हातचा १, म्हणजे एक अधिक दोन, तीनच. जुळते.

आता समजा पहिल्या एक्स-ऑरची जादा रेघ फोटोत उडाली आणि ते ऑर म्हणून वाचले गेले. शेवटच्या ओळीत P आता १ होतो, कारण ऑरला दोन्ही १ चालतात. मग P आणि C सारखे झाल्यामुळे S ०, हातचा १, एकूण दोन. तीन एकांची बेरीज दोन आली, म्हणजे चूक उघडी पडली. पण हातचा मात्र अजूनही बरोबरच आहे, फक्त S बिघडला. अशी अर्धी चूक दिसली की सगळी आकृती पुन्हा न तपासता S च्या वाटेवरच्या गेट्सकडे आधी जावे. उलट, Q च्या अँडच्या टोकावर नसलेला गोल दिसला आणि ते नँड समजले, तर पहिल्याच ओळीत तीन शून्यांची बेरीज दोन येते. गोलाच्या चुका बहुधा अशा ठळक असतात. जादा रेघेच्या चुका लपून राहतात, कारण ऑर आणि एक्स-ऑर चारपैकी तीन ओळींत सारखेच उत्तर देतात. फरक पडतो तो दोन्ही इनपुट १ असतानाच.

म्हणून वेळ कमी असेल तर निदान १ आणि १ ची ओळ तपासावीच. आणि फोटोतही त्या जागेचे निरीक्षण करावे. बहुतेक आकृत्यांत इनपुटच्या तारा एक्स-ऑरच्या बाहेरच्या रेघेपाशी थांबतात. फोटोत तारा गेटच्या पाठीला टेकण्याआधीच थांबलेल्या दिसत असतील आणि मधली जागा कोरी असेल, तर तिथली रेघ पुसली गेली असण्याची शक्यता मोठी. फोनमधल्या स्कॅनर ॲपची काळी-पांढरी सोय बारीक फिकट रेघ पांढरी करून टाकते, तर झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेले की लहान गोल आतून भरून टिंबासारखा होतो. पान सपाट ठेवून, बाजूने येणाऱ्या दिवसाच्या उजेडात, बरोबर वरून काढलेला रंगीत फोटो या दोन्ही खुणा टिकवतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे आकार घटत नाही.

बेरीज जुळली तरी प्रत्येक गेटचे नाव बरोबर असेलच असे नाही, हे या कसोटीचे कुंपण आहे. काही वह्यांत हेच सर्किट वेगळे काढतात: Q आणि R साठी नँड, आणि शेवटी पाठीवर दोन गोल असलेले ऑर. इथे Q च्या तारेच्या दोन्ही टोकांना गोल आहेत आणि R च्याही. एकदा उलटलेले पुन्हा उलटले की मूळ परत येते. त्यामुळे फोटोत हे चारही गोल हरवले तरी अँड, अँड आणि ऑर असे वाचून सारणी अचूक येते. उत्तर बरोबर आणि तिन्ही नावे चूक.

अशा वेळी चिपचा नंबर कामी येतो. प्रात्यक्षिकाच्या आकृतीत गेटच्या आत किंवा शेजारी तो बहुधा लिहिलेला असतो: ७४०० म्हणजे नँड, ७४०२ नॉर, ७४०४ नॉट, ७४०८ अँड, ७४३२ ऑर, ७४८६ एक्स-ऑर. मध्ये LS किंवा HC अशी अक्षरे असली तरी गेटचे काम बदलत नाही. पिनचे आकडेही बोलतात. ७४००, ७४०८, ७४३२ आणि ७४८६ मध्ये पहिल्या गेटच्या पाठीवर १ आणि २ या पिना असतात, टोकावर ३. ७४०२ मध्ये मात्र टोकावर १ आणि पाठीवर २ आणि ३. नाळेसारख्या गेटच्या टोकावर १ हा आकडा दिसला आणि गोल दिसत नसेल, तर गोल फोटोत हरवला आहे असे समजून मूळ पान मागावे.

या पानावरचे शेवटचे ऑर गेट ही सर्वांत अवघड जागा आहे. त्याच्या मागची रेघ खरोखर नव्हती की फोटोत गेली, हे सारणी कधीच सांगू शकत नाही. Q १ होण्यासाठी A आणि B दोन्ही १ लागतात. तसे झाले की P ० होतो आणि R ही ० होतो. म्हणजे Q आणि R एकाच वेळी १ होतच नाहीत, आणि ऑर व एक्स-ऑर यांच्यात फरक पडणारी ओळ इथे येतच नाही. सर्किट जोडणारे याचा फायदा घेतात. एका ७४८६ मध्ये चार एक्स-ऑर असतात, त्यातली दोन आधीच वापरली गेलेली. उरलेल्या दोनपैकी एक ऑरच्या जागी लावले की ७४३२ ही वेगळी चिप लागतच नाही, आणि फुल ॲडर दोनच चिपमध्ये पूर्ण होते. पण प्रश्नात गेटचे नाव विचारले असेल, तर ते कागदावर काढलेल्या चिन्हाचेच लिहावे लागते. त्यासाठी मूळ पान पाहण्याला पर्याय नाही.